‘दादा पुन्हा गड्ड्याला गेलाय का?’

*मॅडम, मी सोलापुरात एम.ए. भाषाशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. सरांनी संभाषणातल्या अर्थावरच्या स्लाइड्स दिल्या आहेत. त्यात प्रिसपोझिशन, इम्प्लिकेचर आणि स्पीच ॲक्ट असे तीन भाग आहेत. व्याख्या पाठ आहेत, पण वाक्य समोर आलं की ते कुठल्या भागात टाकायचं तेच कळत नाही. ‘न बोललेला अर्थ’ तर पहिल्या दोन्हींत आहे. स्लाइडवरची उदाहरणं फ्रान्सच्या राजाची आणि लंडनच्या हवेची. आमच्या घरातल्या बोलण्यावर हे लावून दाखवाल का?*
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

प्रिय मुली,

तुझी गाठ एका शब्दात आहे: ‘टाकायचं’. ही तीन खोकी नाहीत. एकाच वाक्याला विचारायचे हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत, आणि बहुतेक वाक्यं एकाहून जास्त प्रश्नांना उत्तर देतात. हे वाक्य बोलण्याआधी बोलणाऱ्यानं काय धरूनच चाललंय? हे बोलून त्याला आणखी काय सुचवायचंय? आणि हे बोलून तो नेमकं काय करतोय? मराठीत यांना पूर्वगृहीत, सूचितार्थ आणि भाषिक कृती म्हणू.

स्लाइड्स जरा बाजूला ठेव. जानेवारीतली संध्याकाळ आहे, सिद्धेश्वराची यात्रा भरलीय, होम मैदानावर गड्ड्याची जत्रा सुरू आहे. घरात आई आणि मुलगी:

आई : दादा पुन्हा गड्ड्याला गेलाय का?
मुलगी : त्याची गाडी दारात नाही.
आई : कोपऱ्यावरून जरा दही आणतेस का?
मुलगी : माझा उद्या पेपर आहे.

एवढ्या चार ओळी पुरेत.

पहिली ओळ घे. आईनं प्रश्न विचारलाय, म्हणजे दादा आत्ता कुठं आहे ते तिला माहीत नाही. पण एक गोष्ट तिनं विचारलेली नाही, धरून चाललीय: दादा याआधी एकदा तरी गड्ड्याला जाऊन आलाय. हे सगळं ‘पुन्हा’ या शब्दानं आणलं. तो शब्द काढ, ‘दादा गड्ड्याला गेलाय का?’ एवढंच ठेव, की आधीची फेरी नाहीशी होते.

हे पूर्वगृहीत आहे याची खात्री कशी करायची? वाक्याचे कपडे बदलायचे आणि काय टिकतं ते पाहायचं. ‘दादा पुन्हा गड्ड्याला गेलाय.’ ‘दादा पुन्हा गड्ड्याला गेलाय, असं नाही.’ ‘दादा पुन्हा गड्ड्याला गेला असेल, तर बाबा चिडतील.’ पहिल्यात दादा गेला, दुसऱ्यात नाही गेला, तिसऱ्यात ते अधांतरी आहे. पण आधी एकदा गेला होता, हे तिन्हींत आहे तसंच आहे. होकार, नकार, प्रश्न, जर-तर या सगळ्यांतून जे वाचतं, ते पूर्वगृहीत.

इथं मराठीत एक फसगत होते आणि दरवर्षी मुलं तिथं अडकतात. स्लाइडवर लिहिलेलं असतं ‘वाक्य नकारार्थी करा’, आणि आपण क्रियापदाला ‘नाही’ चिकटवून मोकळे होतो. पण मराठीतला ‘नाही’ नेहमी सगळ्या वाक्याला नाकारत नाही. ‘काही मुलं आली’ याचा नकार म्हणून तू ‘काही मुलं आली नाहीत’ लिहिलंस, तर तो नकार झालाच नाही. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात: दहा आली, पाच नाही आली. म्हणून कसोटी लावताना वाक्य जसंच्या तसं ठेव आणि शेवटी ‘असं नाही’ किंवा ‘हे खरं नाही’ जोड. वाक्य थोडं अवघडलेलं वाटेल, पण निकाल चुकणार नाही.

ही कसोटी नुसती परीक्षेपुरती नाही, हे मला एका कार्यालयात उमगलं. खिडकीतल्या माणसानं विचारलं, “मागची थकबाकी भरली का?” माझ्याकडं थकबाकी कधी नव्हतीच, म्हणून मी सरळ “नाही” म्हणाले. त्यानं कागदावर लिहिलं की थकबाकी आहे आणि ती भरलेली नाही. पुढं ती नोंद काढून घ्यायला मला चार खेटे घालावे लागले. माझा ‘नाही’ ‘भरली’ला लागला, ‘थकबाकी’ला नाही. ‘हो’ म्हटलं असतं तरी थकबाकी होती असंच ठरलं असतं. अशा प्रश्नाला हो-नाहीत उत्तरच नसतं. थांबून म्हणावं लागतं, “थकबाकी नव्हतीच मुळी.”

हेच थांबवणं ही दुसरी कसोटी आहे. फॉन फिन्टेल या भाषाशास्त्रज्ञाच्या २००४ सालच्या लेखामुळं ती खूप वापरात आली. बोलणाऱ्याला मध्येच अडवून ‘अगं थांब, हे मला माहीतच नव्हतं’ म्हणायचं आणि ते कशाला शोभतं ते पाहायचं. समजा आई शेजारच्या काकूंना सांगतेय, ‘दादा पुन्हा गड्ड्याला गेलाय.’ काकू म्हणाल्या, ‘थांबा, तो आधी गेला होता हे मला माहीतच नव्हतं’, तर ते अगदी सहज वाटतं. पण ‘थांबा, तो आत्ता गेलाय हे मला माहीतच नव्हतं’ हे विचित्र वाटतं. माहीत नव्हतं म्हणूनच तर आई सांगतेय! जी गोष्ट वाक्य सांगायला निघालं, तिला असं अडवता येत नाही. जी गोष्ट वाक्य बरोबर घेऊन आलं, तिला अडवता येतं.

आणि बहुतेक वेळा काकू अडवत नाहीतच. आधीची फेरी त्यांना माहीत नसली, तरी ‘गेला असेल आधी’ असं मनात मान्य करून त्या पुढं ऐकतात. डेव्हिड लुईस यांनी १९७९ मध्ये याकडं लक्ष वेधलं: पूर्वगृहीत आधीपासून दोघांना ठाऊक असायलाच हवं असं नाही, ऐकणारा ते जागच्या जागी सामावून घेतो. त्या कार्यालयात माझ्या बाबतीत कागदानं तेच केलं.

आता दुसरी ओळ: ‘त्याची गाडी दारात नाही.’ इथं ‘पुन्हा’, ‘थांबवलं’, ‘सोडलं’ असा शब्द नाही, म्हणून मुलं पूर्वगृहीताचा रकाना कोरा सोडतात. वाक्य आधीच नकारार्थी आहे, तरी एक गोष्ट त्यातून वाचलीय बघ: दादाकडं गाडी आहे. ‘त्याची गाडी’ म्हटलं की ती आहे असं धरलंच. ‘गाडी दारात आहे’ म्हण, ‘दारात आहे का’ विचार, गाडी असतेच.

याच्याशेजारी चौथी ओळ ठेव: ‘माझा उद्या पेपर आहे.’ यात ‘माझा’ आहे, म्हणून इथंही पेपर धरून चालला आहे असं वाटेल. पण नकार लावून पाहा: ‘माझा उद्या पेपर आहे, असं नाही.’ पेपरच गेला. म्हणजे पेपर असणं ही इथं सांगितलेली गोष्ट आहे, धरलेली नाही. आता थोडा फरक कर: ‘माझा उद्याचा पेपर अवघड आहे.’ ‘असं नाही’ जोडलं की फक्त अवघडपणा जातो, पेपर जागेवर राहतो. ‘उद्या’चं ‘उद्याचा’ झालं, पेपर नुसता ‘आहे’ न राहता ‘अवघड आहे’ झाला, आणि सांगितलेली गोष्ट धरलेली झाली. तुझ्या वहीत ही दोन वाक्यं एकाखाली एक लिही. फ्रान्सच्या टकल्या राजावर रसेलनं १९०५ मध्ये आणि स्ट्रॉसननं १९५० मध्ये जो वाद घातला, तो याच जागेचा आहे. राजाच नाही, तर ‘राजा टकला आहे’ हे खोटं म्हणायचं, की त्याच्या खरेखोटेपणाचा प्रश्नच उठत नाही म्हणायचं? रसेल म्हणाले खोटं, स्ट्रॉसन म्हणाले प्रश्नच उठत नाही. माझ्या थकबाकीच्या वेळी मला स्ट्रॉसनचं म्हणणं जास्त पटलं.

आता सूचितार्थ. आईनं विचारलं दादाबद्दल, मुलगी बोलली गाडीबद्दल. शब्दाला शब्द लावला तर हे उत्तरच नाही. तरी आईला उत्तर मिळालं: बहुधा गेलाय. हे कुठून आलं? पॉल ग्राईस यांनी १९६७ साली हार्वर्डच्या व्याख्यानांत याची उकल मांडली. आई मनात जे एका क्षणात करते, ते सावकाश लिहिलं तर असं होतं: मी दादाबद्दल विचारलं. ही गाडीबद्दल बोलतेय. पण ही विषय सोडून बोलणारी नाही, मला मदतच करतेय. तसं असेल तर गाडी नसण्याचा दादाशी काहीतरी संबंध असला पाहिजे. दादा गाडी घेऊनच बाहेर पडतो हे आम्हा दोघींना माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे हिलाही माहीत आहे. म्हणून हिला म्हणायचंय, दादा बाहेर गेलाय, बहुधा गड्ड्यालाच. आणि ‘गेलाय’ असं ती ठाम म्हणाली नाही, कारण तिनं त्याला जाताना पाहिलं नाही. जेवढं पाहिलं तेवढंच ती बोलली.

परीक्षेत सूचितार्थ ओळखायला आला, की ही पायरीपायरीची वाट लिही. नुसतं ‘संबंधाचा नियम मोडला’ असं लिहू नकोस. मुलीनं नियम मोडलेला नाही. वरवर मोडल्यासारखा दिसतो, आणि तो मोडला नसेल असं धरल्यामुळंच आईला अर्थ सापडतो. ग्राईस यांचे चार नियम, म्हणजे पुरेसं सांगा, खरं सांगा, विषयाशी जोडलेलं सांगा, नीट सांगा, हे वागण्याचे धडे नाहीत. ऐकणारा कशावर भिस्त ठेवून अर्थ काढतो, त्याचं ते वर्णन आहे.

सूचितार्थाची पहिली खूण म्हणजे तो परत घेता येतो. ‘त्याची गाडी दारात नाही, पण तो माडीवर झोपलाय, गाडी गॅरेजला टाकलीय.’ यात काहीही विसंगत नाही. आई म्हणेल, ‘मग आधी सांगायचं की!’, पण तू खोटं बोललीस असं म्हणणार नाही. दुसरी खूण म्हणजे तो उघड बोलून दाखवला तरी खटकत नाही: ‘गाडी दारात नाही, गेला असेल गड्ड्याला.’

तुझी खरी अडचण मात्र इथं आहे, आणि स्लाइड्समध्ये ती बहुधा एका ओळीत उरकलेली असते. पूर्वगृहीतसुद्धा कधीकधी परत घेता येतं! ‘दादानं तंबाखू सोडली नाही, कारण तो कधी खातच नव्हता.’ हे वाक्य चालतं. ‘सोडली’ म्हणजे आधी खात होता हे पूर्वगृहीत, आणि ते तर इथं पुसलं गेलं. मग ‘परत घेता येतं, म्हणजे सूचितार्थ’ ही कसोटी कोसळली का?

नाही. नकार काढ आणि साधं होकारार्थी वाक्य घे: ‘दादानं तंबाखू सोडली, आणि तो कधी खातच नव्हता.’ हे कुणालाही पचणार नाही. पूर्वगृहीत मागं घेता येतं ते नकारासारख्या आडोशाखाली, उघड्यावर नाही. सूचितार्थ मात्र साध्या, होकारार्थी वाक्यातूनही मागं घेता येतो: ‘काही मुलं आली, म्हणजे सगळीच आली.’ ‘काही’वरून ‘सगळी नाही’ असं आपण धरतो, तरी हे वाक्य उभं राहतं. तेव्हा मागं घेण्याची कसोटी नेहमी होकारार्थी वाक्यावर लाव, आणि टिकण्याची कसोटी ‘असं नाही’ लावून. दोन्ही कसोट्या एकाच वाक्यरूपावर लावल्यामुळंच तुझ्या वहीत सगळं सारखं दिसत असणार.

टिकण्याची कसोटी सूचितार्थाला लावली तर काय होतं तेही पाहून घे. ‘त्याची गाडी दारात नाही, असं नाही’ म्हणजे गाडी दारात आहे. मग ‘दादा गेलाय’ हे सुचत नाही, उलट घरीच असेल असं सुचतं. दादाला गाडी आहे हे मात्र अजून तिथंच आहे. एका छोट्या वाक्यातून एक अर्थ गळला आणि एक टिकला. दोन्ही ‘न बोललेले’ होते. एक शब्दांनी बांधलेला होता, दुसरा प्रसंगानं. आईनं त्याऐवजी ‘दादानं गाडी विकली का?’ असं विचारलं असतं, तर त्याच वाक्याचा सूचितार्थ ‘विकली असेल’ असा झाला असता, पूर्वगृहीत मात्र फारसं हललं नसतं.

उरली भाषिक कृती. ऑस्टिन यांनी १९५५ च्या व्याख्यानांत दाखवलं की काही वाक्यं जगाचं वर्णन करत नाहीत, ती उच्चारणं हेच काम असतं. ‘मी शब्द देते’ म्हटलं की शब्द दिला गेला. ते खरं की खोटं असा प्रश्न नसतो. तो पार पडला की फसला असा प्रश्न असतो. सभेचं अध्यक्षपद ज्याच्याकडं नाही, त्यानं ‘सभा तहकूब’ म्हटलं तर सभा तहकूब होत नाही. पुढं त्यांच्या लक्षात आलं की साधी विधानंसुद्धा काहीतरी करतच असतात: सांगतात, कबूल करतात, इशारा देतात.

तिसरी ओळ पाहा: ‘कोपऱ्यावरून जरा दही आणतेस का?’ रूप प्रश्नाचं, काम विनंतीचं. खूण सोपी आहे. मुलगी ‘हो’ म्हणून पुस्तकात डोकं घालून बसली, तर आई म्हणेल, ‘अगं मग ऊठ की!’ नुसत्या प्रश्नाला ‘हो’ पुरतं, विनंतीला पुरत नाही. आणि ‘जरा’ पाहा. दही थोडं आणायचं असं नाही, विनंतीचा भार हलका करायचाय. ‘तुला दही आवडतं का?’ हा खरा प्रश्न आहे, तिथं ‘जरा’ घालून पाहा, बसतच नाही. मराठीत ‘जरा’ बसला की बहुतेक वेळा काहीतरी मागणं आहे असं समजायला हरकत नाही.

चौथ्या ओळीत सगळे धागे एकत्र येतात, म्हणून तीच तुला सर्वांत जास्त गोंधळात टाकत असणार. ‘माझा उद्या पेपर आहे’ हे सूचितार्थात घ्यायचं की भाषिक कृतीत? दोन्हींत. शब्दांनी तिनं एक माहिती दिली. आईनं वाट काढली: मी दही मागितलं, ही पेपर सांगतेय, पेपरच्या आदल्या दिवशी अभ्यास असतो, म्हणून ही जाणार नाही. ही वाट म्हणजे सूचितार्थ. त्या वाटेनं जे काम झालं ते नकार, ती भाषिक कृती. १९७५ मध्ये सर्ल यांनी अप्रत्यक्ष भाषिक कृतींबद्दल हेच मांडलं. सूचितार्थ सांगतो अर्थ कुठल्या रस्त्यानं पोचला, भाषिक कृती सांगते पोचून काय झालं. म्हणून उत्तरपत्रिकेत ‘सूचितार्थ: ती दही आणणार नाही’ आणि ‘भाषिक कृती: विनंतीला नकार’ अशा दोन ओळी लिहिल्यास, तर ती पुनरुक्ती होत नाही.

आणि तो नकारही परत घेता येतो: ‘माझा उद्या पेपर आहे, पण आणते, दोन मिनिटांत.’ यावरून कळतं की नकार शब्दांत नव्हता, वाटेत होता. ‘मी आणणार नाही’ असं ती सरळ म्हणाली असती, तर त्यापुढं ‘पण आणते’ लावता आलं नसतं.

एक शेवटचा फरक. नकार देणं हे मुलीनं बोलून केलेलं काम, आणि आई रागावणं हा त्याचा परिणाम. ऑस्टिन हे दोन वेगळे ठेवतात. पहिलं मुलीच्या हातात आहे, आईला तिचं म्हणणं कळलं की ते झालं. दुसरं तिच्या हातात नाही. आई रागावेल, किंवा म्हणेल, ‘राहू दे, मीच जाते, तू वाच.’ नकार दोन्ही वेळा तोच आहे. म्हणून ‘तिनं आईला नाराज केलं’ हे भाषिक कृतीच्या रकान्यात लिहू नकोस, परिणामाच्या लिही.

आता आज रात्री घरातल्या चार ओळी लिहून काढ. ‘काय करलालास बे?’ पासून सुरू झाल्या तरी चालतील, सोलापुरी बोलीला या कसोट्या तशाच लागतात. प्रत्येक ओळीखाली तिन्ही रकाने आख. एखादा रकाना रिकामा राहिला तर राहू दे, पण ‘असं नाही’ जोडून पाहिल्याशिवाय पहिला रिकामा सोडू नकोस.

तुझी,
मॅडम